एकेचाळीस मुलं आणि एक बाक

सहा पानांची गोष्ट होती आणि त्यात सगळी माणसं मिळून तीन वाक्यं बोलत होती. वहिनीनं ती स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभ्या उभ्या मला वाचून दाखवली.

एक मोठा भाऊ. धाकटा भांडून घर सोडून गेलेला. मोठा रोज संध्याकाळी बसथांब्यावर जाऊन बसतो, आज तरी तो उतरेल म्हणून. शेवटची बस येते, धाकटा काही उतरत नाही. हा घरी येतो. आई विचारते, "आला का?" हा म्हणतो, "बस उशिरा आहे." आई म्हणते, "मग ताट झाकून ठेवते." गोष्ट संपली. बाकी सगळी पानं तो बाकावर बसून विचार करतो.

"छान आहे," मी म्हटलं. "पण यात नाटक कुठाय?"

"तेच शोधायचंय भाऊजी."

"किती जणांचं?"

"एकेचाळीस."

मी हसलो. वहिनी हसली नाही, तेव्हा मी थांबलो.

वहिनी शाळेत भाषा शिकवायची. कायम नव्हती. दरवर्षी सत्र संपलं की तिला ठेवायचं की नाही हे मोठ्या बाई ठरवायच्या, आणि दरवर्षी ते ठरेपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. यंदा तर दादाचा कारखाना बंद पडलेला. दादा दिवसभर घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करत बसायचा. बिघडलेलं सगळं संपलं तेव्हा चांगल्या कड्या काढून पुन्हा बसवायला लागला. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे आईच्या भाषेत लोळत होतो. थोडक्यात, घर वहिनीवर चालत होतं आणि वहिनी मोठ्या बाईंच्या मर्जीवर.

मोठ्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, "स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून लेखक येताहेत. त्यांच्याच गोष्टीचं नाटक तुमच्या वर्गानं करायचं. वर्गातलं प्रत्येक मूल रंगमंचावर दिसलं पाहिजे आणि प्रत्येकाला निदान एक वाक्य पाहिजे. पालक स्वतःचं मूल बघायला येतात, बाकीचा वेळ फोन बघतात. बारा मिनिटं. शेवट गोड. शेवटी नाच." आणि मग दार लोटता लोटता, "यंदा तुमचं नाटक बघू, मग तुमचं बघू."

"तू काय म्हणालीस?" दादानं विचारलं.

"हो म्हणाले."

वहिनीला जिथं तिथं हो म्हणायची सवय. भाजीवाला वजनात मारतोय हे दिसत असतानाही ती हो म्हणते आणि घरी येऊन वांग्यावर राग काढते.

पहिला मसुदा तिनं झपाट्यात लिहिला. मी टाइप करायचो, ती मागून सांगायची. तिनं सोपा रस्ता धरला होता: भावाच्या मनातले विचार त्याच्या तोंडी घातले आणि ऐकायला एक मित्र उभा केला.

"'मित्रा, तुला तर ठाऊकच आहे की माझा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला आहे,'" ती म्हणाली.

मी हात थांबवले. "ठाऊक आहे तर सांगतो कशाला?"

"प्रेक्षकांना कळायला."

"मग मित्र काय म्हणतो?"

"'होय मित्रा.'"

"आणि पुढं?"

"'खरं आहे मित्रा.'" तिचं तिलाच हसू आलं, मग एकदम डोळे भरले. "काढून टाका ते सगळं."

दुसरा मसुदा आणखी वाईट. एक मुलगी माइकपाशी उभी राहून गोष्ट वाचणार आणि मागं बाकीचे हावभाव करणार. 'त्याला वाटलं' म्हटलं की त्यानं कपाळाला हात लावायचा. गोष्टीत 'त्याला वाटलं' इतक्या वेळा होतं की तालमीत तो पोरगा डोकं दुखतंय अशा चेहऱ्यानं बसायला लागला. खरंच दुखतंय का असं मागच्या एकीनं विचारलं. तालीम तिथंच संपली.

त्यानंतरचे काही दिवस वहिनी नीट जेवली नाही. शाळेतून यायची, गोष्ट काढायची आणि पेन्सिलीनं एकेक वाक्य आखायची. मी डोकावलो तर तिनं फक्त 'वाटलं', 'आठवलं', 'मनात आलं' अशीच वाक्यं आखली होती. सगळी पानं भरलेली.

"यातलं काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "कागदावर माणूस मनात रडला तरी चालतं. मैदानातल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांना काय दिसणार? एक पोरगा बाकावर बसलाय, एवढंच."

"मग त्याला काहीतरी करायला द्या ना."

"काय देऊ? गोष्टीत तो काहीच करत नाही, वाट बघतो."

"वाट बघणारा माणूस काय करतो?"

हे मी सहज बोललो होतो, अक्कल म्हणून नव्हे. पण त्याच वेळी आई बाहेरून आली, दादाच्या शेजारच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली आणि चहा टाकायला गेली. मी खुर्चीवर बसायला गेलो तर आतूनच ओरडली, "तिथं बसू नकोस, मी येतेय!"

वहिनी पर्सकडे बघत राहिली. मग पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'त्यानं मनातल्या मनात शेजारची जागा धरून ठेवली होती.'

"पिशवी," ती म्हणाली. "तो बाकावर शेजारी पिशवी ठेवतो. कोणी बसायला आलं की म्हणतो, इथं कोणीतरी येणार आहे."

त्या एका पिशवीनं सगळं सुटलं. बाकावर जागा एकच आणि थांब्यावर येणारे एकोणचाळीस जण. प्रत्येकाला बसायचंय, प्रत्येकाला वाक्य आहे. पाय दुखणाऱ्या आजी, परीक्षेचा पोरगा, भांडकुदळ जोडपं, गठ्ठेवाला, झोपाळू पहारेकरी. आधी लोक विनवतात, मग चिडतात, मग थट्टा करतात. "येणारा कोण, राजा आहे का?" एवढ्या एका वाक्यात धाकट्याची चौकशी निघते, मित्राला काही सांगावं लागत नाही. आणि दर बसला गर्दी कमी होत जाते. शेवटी बाकावर तो आणि पिशवी. आता कोणीच जागा मागत नाही. तो पिशवी उचलतो.

मी शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही चुकून चांगलं लिहिलंत."

"गप्प बसा आणि टाइप करा."

मग ती लेखकांकडे गेली. संहिता मंजूर करून घ्यायला हवी होती, कारण त्यांनी आधीच कळवलं होतं की गोष्टीतला स्वल्पविरामही हलवू नये. मी स्कूटरवरून सोडायला गेलो आणि आत बसलो. लेखक लाल पेन घेऊन वाचत होते. वाचता वाचता पेनाचं टोपण निघालं.

"माझ्या गोष्टीत पिशवी नाही."

"नाही सर. पण जागा धरलेली आहे."

"मनातल्या मनात!"

"मनातलं लांबून दिसत नाही, सर."

लेखकांनी ते पान पुन्हा वाचलं. मग टोपण लावलं. "ठीक. पण शेवटची तीन वाक्यं जशीच्या तशी. आणि त्यानंतर काही नाही. गाणं नाही, नाच नाही. आई झाकलेलं ताट धरून बसते, संपलं. वचन द्या."

"हो," वहिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर मी स्कूटर सुरू केली नाही. "मोठ्या बाईंना नाचाचं हो म्हणालात. यांना नाच नाही याचंही हो म्हणालात. आता?"

"काहीतरी करते."

"काय?"

"मला काय माहीत!" ती रस्त्यात ओरडली. दोन माणसांनी वळून बघितलं. "मला काय माहीत भाऊजी? दोघांपैकी एकालाही नाही म्हणायची माझी टाप आहे का?"

रोज तालीम सुरू झाली. मी ध्वनियंत्र सांभाळायला म्हणून शाळेत जायला लागलो. वहिनी घड्याळ लावून वाचून घ्यायची. कागदावर नऊ मिनिटं बसणारं नाटक मुलांनी केलं की सतरा मिनिटं व्हायचं, कारण प्रत्येक जण चालत यायचा, थांबायचा, आपल्या आईला शोधायचा आणि मग बोलायचा. तिनं युक्ती केली: आधीचा बोलत असतानाच पुढच्यानं निघायचं. माइक तीनच होते, त्यामुळे बाक बरोबर मधल्या माइकच्या मागं ठेवला. जागा मागायला येणारा आपोआप माइकपाशी येईल. लांब वाक्यं मोडून एका श्वासाची केली. ज्या पोराला 'र' म्हणता येत नव्हता, त्याच्या वाक्यातून 'र' काढून टाकला. त्याच्या आईनं शाळेत येऊन विचारलं, "त्याचं वाक्य लहान का झालं?" वहिनी म्हणाली, "वजनदार झालंय."

आणि मग रंगीत तालीम. मैदानात, दुपारी चारला, म्हणजे कार्यक्रमाच्याच वेळेला. पहिला प्रवेश संपला. वहिनी संहितेत बघून ओरडली, "अंधार!"

काहीच झालं नाही. डोक्यावर ऊन रणरणत होतं. एकेचाळीस मुलं डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती. एका शहाण्यानं डोळे मिटून घेतले. मग सगळ्यांनीच मिटले.

संहितेत प्रत्येक प्रवेशानंतर मी स्वतः 'अंधार' टाइप केलं होतं. थांबा संपला की अंधार, त्यात बाक उचलायचा, घर मांडायचं. लहानपणापासून आम्ही नाटकं बघितली ती बंद सभागृहात, रात्रीची. नाटक म्हटलं की अंधार येणारच, हे आम्हा दोघांच्याही हाडात. सूर्य कोण बंद करणार, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पडदाही नव्हता. मागं एक चादर होती, तीही वाऱ्यानं फुगलेली.

वहिनी पायरीवर बसली. "संपलं," ती म्हणाली. "परवा कार्यक्रम आहे. घर येणारच नाही. उजेडात सगळ्यांसमोर पोरं बाक ओढत नेतील आणि लोक हसतील. आणि त्यानंतर ती तीन वाक्यं?"

मी काहीतरी विनोद करायला गेलो आणि जमला नाही. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. आईचं काम करणारी मुलगी मात्र रंगमंचाच्या कोपऱ्यात ताट मांडीवर घेऊन बसून होती. आपला प्रवेश कधी येतो ते तिला पाठ नव्हतं, म्हणून ती बिचारी सुरुवातीपासूनच येऊन बसायची. दर तालमीला वहिनी तिला हाकलायची.

आज वहिनीनं तिला हाकललं नाही. बघत राहिली.

"ती तिथंच बसू दे," ती हळूच म्हणाली. "पहिल्यापासून. इकडे थांबा, तिकडे घर. दोन्ही एकदम. हा इथं वाट बघतो, ती तिथं. शेवटी त्यानं फक्त चालत तिच्याकडे जायचं."

तिनं सगळे अंधार पेनानं खोडले. नाटक आधीपेक्षा चांगलं झालं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही. नाचाचा प्रश्न तसाच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी लेखकांचं भाषण पावणेपाचला सुरू झालं. विषय होता, थोडक्यात कसं सांगावं. ते सव्वापाचपर्यंत थोडक्यात सांगत राहिले. मग बक्षिसं, मग पहिलीचा नाच, जो एकदा बंद पडल्यामुळे दोनदा झाला. शाळेच्या गाड्या सहाला सुटायच्या, आणि चालक फाटकापाशी उभे राहून हातातल्या घड्याळाकडे बोटं दाखवत होते.

मोठ्या बाई मागच्या बाजूला आल्या. घामाघूम झाल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांच्याही डोक्यावर संस्थेचे लोक बसलेले. "बाई, पाच मिनिटं. नाच धरून."

"बारा ठरली होती."

"मला माहीत आहे हो! पण गाड्या थांबणार नाहीत. मधले प्रवासी कमी करा."

"कोणाला काढू? सगळ्यांचे आईबाप समोर बसलेत."

"मग शेवट काढा. ते ताट वगैरे. पिशवी उचलली की थेट गाणं. भाऊ परत आला असं दाखवा, सगळे नाचतील. लोक खूश होऊन घरी जातील." मग आवाज खाली आणून, "उद्या संस्थेची बैठक आहे. तुमचं नाव मला तिथं आनंदानं घ्यायचंय."

त्या गेल्या. वहिनीनं मला धरून खाली बसवलं, जणू मीच पडणार होतो. मुलं चहूबाजूंनी, मिशा चिकटवलेली, साड्या सुटत आलेली. "बाई, आमचं कॅन्सल?" "बाई, माझा मामा लांबून आलाय!" "बाई, शू!"

"सगळ्यांनी ऐका," वहिनी म्हणाली. "तुमची वाक्यं विसरा."

एकेचाळीस तोंडं उघडी पडली. चार आठवडे तिनं याच्या उलट सांगितलं होतं.

"प्रत्येकानं एकच विचारायचं. 'इथं कोणी आहे?' तुमच्या तुमच्या पद्धतीनं. आजीनं आजीसारखं, पहारेकऱ्यानं पहारेकऱ्यासारखं. विचारायचं आणि पुढं जाऊन पाठमोरं उभं राहायचं. थांबायचं नाही. आणि तू," ती भाऊ झालेल्या मुलाला म्हणाली, "दर वेळी एकच. 'येणार आहे.'"

"एकोणचाळीस वेळा?"

"एकोणचाळीस वेळा."

मी यंत्रापाशी गेलो. नाचाचं गाणं लावून ठेवलेलं, बटणावर बोट. समोर पहिल्या रांगेत मोठ्या बाई. त्यांनी मला खूण करून दाखवली: मी हात वर केला की लावा.

मुलं निघाली. इथं कोणी आहे? येणार आहे. इथं कोणी आहे? येणार आहे. पहिल्या दहाबारांना लोक हसले. वीसच्या पुढं हसणं विरळ झालं. 'र' न येणाऱ्यानं अगदी स्पष्ट विचारलं. भाऊ झालेला पोरगा दमत चालला होता, खरोखरच दमत होता. पस्तिसाव्या वेळी त्याचं 'येणार आहे' जेमतेम माइकपर्यंत पोचलं. बाकाच्या दोन्ही बाजूंना पाठमोरी मुलं, मधे तो, पिशवी, आणि कोपऱ्यात मांडीवर ताट घेतलेली मुलगी. त्यानं पिशवी उचलली.

मोठ्या बाईंचा हात वर गेला.

मी वहिनीकडे बघितलं. ती चादरीच्या कडेला उभी होती, मोठ्या बाईंना सरळ दिसेल अशी. तिनं मान हलवली. नाही. मला नव्हे, मोठ्या बाईंना. त्यांनी हात पुन्हा जोरात हलवला. वहिनीनं पुन्हा मान हलवली. माझं बोट बटणावरून निघालं.

पोरगा चालत गेला. "आला का?" "बस उशिरा आहे." "मग ताट झाकून ठेवते." मुलीनं ताट झाकलं आणि दोन्ही हात झाकणावर ठेवून बसली.

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना संपलं हेच कळलं नाही. सगळे गाणं सुरू व्हायची वाट बघत होते. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "यंत्र बिघडलं का?" फाटकाकडून गाड्यांचे भोंगे आले, आणि लोक खुर्च्या सरकवत आपापलं पोर शोधायला उठले. मुलं पाठमोरीच उभी राहिली, कारण वळा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी लवकर घरी आली. हातात तिचा डबा, छत्री आणि वर्गातलं तिचं पाणी प्यायचं भांडं. आईनं ते भांडं घेऊन घासायला टाकलं.

"काय म्हणाल्या?" दादानं विचारलं.

"म्हणाल्या, नाटकाबद्दल तक्रार नाही. पण भर कार्यक्रमात मला नाही म्हणणारी बाई मी संस्थेपुढं कशी नेऊ."

दादानं हातातली कडी फडक्यानं पुसली. "एक गाणं वाजलं असतं," तो म्हणाला. रागावून नाही. "त्या लेखकाला दिलेल्या वचनासाठी ना? तो तर बक्षिसांच्या वेळीच निघून गेला होता. तुला कोणी सांगितलं नाही का?"

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "मी चादरीमागून त्यांची गाडी जाताना बघितली."

"मग?"

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, जणू शब्द मी टाइप करून देईन. "ती पोरगी ताट घेऊन बसली होती ना," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यापासून बसली होती. तिच्यासमोर सगळे नाचायला लागले असते तर तिनं ताट कुठं ठेवलं असतं?"

दादानं कडी दाराला बसवली, स्क्रू घट्ट केले, दार दोनदा उघडून लावून बघितलं. मग पक्कड, पाना पिशवीत भरले, चपला घातल्या आणि म्हणाला, "जरा जाऊन येतो."

कुठं, ते कोणी विचारलं नाही. वहिनी डबा उघडून आत न खाल्लेली भाजी किती राहिलीय ते बघत होती.